नव्व्याण्णव टक्के अचूक चाचणी आणि सहातले पाच खोटे पॉझिटिव्ह: मूळ प्रमाणाचा हिशेब कसा मांडायचा

गरोदर बाईची पहिली तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, तेव्हा रक्तगट, हिमोग्लोबिन यांच्यासोबत तिची एचआयव्हीची चाचणीही होते. बोटाला टोचून थेंबभर रक्त पट्टीवर घेतलं की काही मिनिटांत निकाल कळतो. पट्टीवर एकच रेघ उमटली तर ती नॉन-रिॲक्टिव्ह. दोन उमटल्या तर रिॲक्टिव्ह, आणि मग तिला पक्क्या निदानासाठी आयसीटीसीत, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात पाठवतात.

चाचणी ९९ टक्के अचूक आहे असं त्या बाईला कुणी सांगितलं, तर आपल्याला एचआयव्ही असण्याची शक्यता ९९ टक्के आहे असाच अर्थ ती आणि तिचे घरचे घेतील. प्रत्यक्षात ती शक्यता सतरा टक्क्यांच्या आसपास असते. हा फरक कुठून येतो, तो सगळा आजाराच्या मूळ प्रमाणामुळेच येतो का, आणि निदान पक्कं करताना त्यावर काय उपाय केला आहे, हे इथे आकडे मांडून पाहू. मूळ प्रमाण म्हणजे चाचणी करण्याआधी त्या गटातल्या किती जणांना तो आजार असतो, तो आकडा.

आधी ‘९९ टक्के’ची फोड करा

‘अचूक’ या एका शब्दात दोन वेगळे प्रश्न दडलेले असतात. ज्यांना संसर्ग आहे त्यांच्यापैकी किती जणांना चाचणी पकडते, हा पहिला. याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात. ज्यांना संसर्ग नाही त्यांच्यापैकी किती जणांना ती बरोबर सोडून देते, हा दुसरा. ही स्पेसिफिसिटी. जागतिक आरोग्य संघटनेने एचआयव्हीच्या झटपट चाचण्यांसाठी सेन्सिटिव्हिटी किमान ९९ टक्के आणि स्पेसिफिसिटी किमान ९८ टक्के असावी असं ठरवलं आहे. बरेच किट याहून चांगले असतात. हिशेब सोपा जावा म्हणून आपण दोन्ही आकडे ९९ धरू.

या दोन्ही आकड्यांचं उत्तर एकाच दिशेने मिळतं. संसर्ग आहे की नाही हे आधी ठाऊक आहे असं धरायचं आणि मग पट्टी काय दाखवेल ते सांगायचं. बाईचा प्रश्न याच्या उलट आहे. तिला पट्टी दिसते आहे आणि संसर्ग आहे का ते कळायला हवं आहे. दिशा उलटवायची तर तिसरा आकडा लागतो, तो म्हणजे मूळ प्रमाण. किटच्या खोक्यावर तो छापलेला नसतो, कारण तो चाचणीचा गुण नव्हेच. चाचणी कोणाची केली त्यावर तो ठरतो.

कुणी नुसतंच ‘अचूकता ९९ टक्के’ म्हणालं, तर हे दोन्ही आकडे वेगवेगळे मागून घ्या. दर हजारी दोघांना असलेल्या आजारासाठी, कुणालाही न तपासता सरसकट ‘निगेटिव्ह’ लिहिणारा माणूससुद्धा ९९.८ टक्के वेळा बरोबर ठरतो. एकही रुग्ण मात्र त्याला सापडत नाही.

टक्के बाजूला ठेवा, माणसं मोजा

भारतातल्या गरोदर स्त्रियांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण अलीकडच्या वर्षांत साधारण ०.२ टक्के, म्हणजे हजारी दोन आहे. एक लाख स्त्रिया तपासल्या असं धरा आणि कागदावर दोन रकाने आखा.

पहिला रकाना संसर्ग असलेल्यांचा. लाखात २००. चाचणी त्यांतल्या ९९ टक्क्यांना, म्हणजे १९८ जणींना पकडते आणि दोघी सुटतात.

दुसरा रकाना संसर्ग नसलेल्यांचा. त्या ९९,८००. चाचणी त्यांतल्या एक टक्का स्त्रियांना चुकून रिॲक्टिव्ह दाखवते. या झाल्या ९९८.

आता आडवी बेरीज करा. दोन रेघा उमटलेल्या एकूण स्त्रिया १९८ अधिक ९९८, म्हणजे १,१९६. त्यांतल्या खऱ्या संसर्गाच्या १९८, म्हणजे १६.६ टक्के. ढोबळ मानाने दर सहा रिॲक्टिव्हमागे एक खरा आणि पाच खोटे.

चाचणीने तिच्या गुणवत्तेत कुठेही कसूर केलेली नाही. चूक शंभरात एकच झाली, पण ती एका प्रचंड मोठ्या रकान्यावर झाली. बरोबर पकड शंभरात नव्व्याण्णव होती, पण ती अगदी लहान रकान्यावर होती.

मूळ प्रमाण एकटंच जबाबदार आहे का?

बहुतांशी हो, पण एकटं नाही. नेमकं उत्तर हवं असेल तर वरच्या कागदावर एका वेळी एकच आकडा बदलून पाहा.

आधी सेन्सिटिव्हिटी ९९ वरून १०० करा. आता २०० खरे आणि ९९८ खोटे, म्हणजे १६.७ टक्के. जवळजवळ काहीच हललं नाही. मग सेन्सिटिव्हिटी पुन्हा ९९ वर आणा आणि स्पेसिफिसिटी ९९ वरून ९९.९ करा. खोटे रिॲक्टिव्ह ९९८ वरून शंभरावर येतात आणि खऱ्यांचा वाटा थेट ६६ टक्क्यांवर जातो. तीच ९८ केली तर खोटे १,९९६ होतात आणि खऱ्यांचा वाटा ९ टक्क्यांवर घसरतो. शेवटी स्पेसिफिसिटी ९९ ठेवून मूळ प्रमाण १ टक्का करा. ९९० खरे, ९९० खोटे. बरोबर अर्धे अर्धे.

या शेवटच्या उदाहरणातून लक्षात ठेवण्याजोगा आडाखा मिळतो. खोट्या पॉझिटिव्हचा दर, म्हणजे १०० वजा स्पेसिफिसिटी, मूळ प्रमाणाच्या शेजारी ठेवून पाहायचा. दोन्ही सारखे असतील तर रिॲक्टिव्ह निकालांतले अर्धे खोटे. खोट्याचा दर मूळ प्रमाणाच्या पाचपट असेल, आपल्या उदाहरणात आहे तसा, तर दर खऱ्यामागे पाच खोटे. म्हणून आजार दुर्मीळ असणं एवढ्याने हे कोडं पुरतं सुटत नाही. आजार ज्या प्रमाणात दुर्मीळ आहे, त्याहून चाचणीची चूक दुर्मीळ आहे की नाही, यावर सगळं ठरतं.

स्प्रेडशीटमध्ये हे करून पाहायचं असेल तर A2 मध्ये मूळ प्रमाण, B2 मध्ये सेन्सिटिव्हिटी आणि C2 मध्ये स्पेसिफिसिटी भरा. तिन्ही दशांशात हवेत, म्हणजे ०.२ टक्क्यासाठी 0.002 आणि ९९ टक्क्यांसाठी 0.99. मग दुसऱ्या एखाद्या रकान्यात हे सूत्र टाका:

```
=A2*B2/(A2*B2+(1-A2)*(1-C2))
```

उत्तर 0.1656 आलं तर सूत्र बरोबर बसलं. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे ०.२ टक्क्यासाठी 0.2 लिहिणं. तसं केलं की मूळ प्रमाण वीस टक्के होतं आणि उत्तर 0.96 येतं. ते दिसायला इतकं पटण्याजोगं असतं की चूक लक्षातच येत नाही.

तीन चाचण्यांचा हिशेब

एकापाठोपाठ चाचण्या असतील तर रकाने पुन्हा पुन्हा मांडण्यापेक्षा गुणोत्तर सोयीचं पडतं. हजारात दोन, म्हणजे संसर्ग असलेली एक आणि नसलेल्या ४९९. हे सुरुवातीचं गुणोत्तर १:४९९. आपल्या चाचणीत खरी रेघ उमटण्याची शक्यता ९९ टक्के आणि खोटी उमटण्याची १ टक्का, म्हणून प्रत्येक रिॲक्टिव्ह निकाल डाव्या आकड्याला ९९ने गुणतो. प्रत्येक नॉन-रिॲक्टिव्ह निकाल त्याला ९९ने भागतो.

पहिल्या रिॲक्टिव्हनंतर गुणोत्तर ९९:४९९ होतं, हे आपले १६.६ टक्के. दुसरी चाचणीही रिॲक्टिव्ह आली तर ९,८०१:४९९, म्हणजे ९५ टक्के. तिसरीही आली तर ९९.९५ टक्के. तिन्ही चाचण्या एकदम चुकण्याची वेळ दहा लाख स्त्रियांमागे साधारण एकीवर येते.

नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये लक्षणं नसलेल्या व्यक्तीसाठी तीन वेगवेगळ्या चाचण्या सांगितल्या आहेत, त्या याच कारणाने. पहिली अतिशय संवेदनशील असते, म्हणजे कुणी सुटू नये. पुढच्या दोन खोटे पॉझिटिव्ह गाळण्यासाठी. तिन्ही रिॲक्टिव्ह आल्या तरच निकाल पॉझिटिव्ह. पहिली रिॲक्टिव्ह आणि पुढच्या दोन्ही नॉन-रिॲक्टिव्ह आल्या तर निगेटिव्ह.

दोन रिॲक्टिव्ह आणि एक नॉन-रिॲक्टिव्ह आली तर निकाल ‘अनिश्चित’ लिहितात आणि १४ ते २८ दिवसांनी पुन्हा रक्त घेतात. बहुमत पॉझिटिव्हच्या बाजूने असताना हा निकाल ‘बहुधा पॉझिटिव्ह’ का धरत नाहीत, असा प्रश्न हमखास येतो. गुणोत्तर लावून पाहा. दोनदा ९९ने गुणलं, एकदा ९९ने भागलं, उरलं ९९:४९९. पहिल्या पट्टीनंतर ती जिथे होती, बरोबर तिथेच ती परत आली. माणसं मोजूनही हेच येतं. लाख स्त्रियांत असे अनिश्चित निकाल सुमारे २४ येतील. त्यांतल्या चौघींना खरंच संसर्ग असेल, विसांना नसेल. पुन्हा सहात एक.

थांबण्याचा काळही विचार करून ठरवलेला आहे. ही पट्टी विषाणू शोधत नाही, शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. संसर्ग नुकताच झालेला असेल तर दोन ते चार आठवड्यांत ही प्रतिपिंडं वाढतात आणि गेल्या वेळी न उमटलेली रेघ या वेळी उमटते. खोट्या रिॲक्टिव्हमध्ये सहसा तशी वाढ दिसत नाही.

गुणाकार कुठे फसतो

वरच्या गुणाकारात एक गोष्ट गृहीत आहे. दुसऱ्या चाचणीची चूक पहिलीच्या चुकीपासून स्वतंत्र असली पाहिजे. हे गृहीतक मोडलं की सगळा हिशेब कोसळतो. तरी खासगी प्रयोगशाळांत हे घडतं: ‘शंका आहे ना, मग तीच चाचणी पुन्हा करून टाका.’

खोटा रिॲक्टिव्ह हा दरवेळी नशिबाचा फासा नसतो. एखाद्या स्त्रीच्या रक्तातली दुसऱ्याच कारणाने तयार झालेली प्रतिपिंडं, उदाहरणार्थ स्वयंप्रतिरोधक आजारातली, किटमधल्या प्रतिजनाला, म्हणजे प्रतिपिंडं पकडण्यासाठी पट्टीवर लावलेल्या विषाणूच्या अंशाला, चिकटतात आणि रेघ उमटवतात. तिचं रक्त त्याच किटवर दहा वेळा लावलं तरी रेघ दहा वेळा उमटेल. आपल्या ९९८ खोट्यांपैकी निम्म्यांत असं पक्कं कारण आहे असं धरा. त्याच किटने पुन्हा तपासलं तर त्या ४९९ जणी पुन्हा रिॲक्टिव्ह येतात. उरलेल्या ४९९ मधल्या पाचेक येतात. खरे असतात १९६. म्हणजे सातशे निकालांत खरे १९६, फक्त २८ टक्के. कागदावर हिशेब ९५चा केला होता.

म्हणून तिन्ही किट वेगळ्या प्रतिजनाचे किंवा वेगळ्या तत्त्वावर चालणारे असावेत असा नियम आहे. खासगी प्रयोगशाळेचा ‘दोनदा पॉझिटिव्ह’ असा अहवाल हातात आला तर दोन्ही वेळच्या किटची नावं विचारा. नाव एकच असेल तर तो एकच पुरावा समजायचा.

दुसरा धोका नमुन्यांच्या अदलाबदलीचा. नळीवर चुकीचं नाव चिकटलं तर त्या नळीतलं रक्त तीन वेगळ्या किटवरही खरंच पॉझिटिव्ह येईल, पण ते तिचं नसेल. किट वेगळे करून ही चूक सापडत नाही, त्यासाठी रक्तच नव्याने घ्यावं लागतं. आणि तिसरी, अगदी साधी चूक म्हणजे पट्टी उशिरा वाचणं. प्रत्येक किटवर वाचनाची वेळ छापलेली असते. ती उलटून गेल्यावर पट्टी वाळताना फिकट रेघ दिसू शकते आणि ती मोजायची नसते.

कोणतं मूळ प्रमाण धरायचं?

हा या सगळ्यातला सर्वांत अवघड भाग, कारण इथे सूत्र चालत नाही, समोरच्या व्यक्तीबद्दल विचारपूस करावी लागते. ०.२ टक्के हा सगळ्या गरोदर स्त्रियांचा सरासरी आकडा आहे. जिच्या नवऱ्याचा एचआयव्हीचा अहवाल आधीच पॉझिटिव्ह आहे, तिला तो लावता येत नाही. एखाद्या गटात मूळ प्रमाण २० टक्के आहे असं धरा. लाखात २०,००० जणांना संसर्ग, त्यांतले १९,८०० पकडले जातात. उरलेल्या ८०,००० मधले ८०० खोटे. तीच पट्टी, त्याच दोन रेघा, पण आता त्या खऱ्या असण्याची शक्यता ९६ टक्के.

नॅकोच्या त्याच सूचनांमध्ये एड्सशी निगडित आजाराची लक्षणं असलेल्या रुग्णासाठी तीनऐवजी दोन चाचण्या पुरेशा मानल्या आहेत. गुणोत्तर १:४ पासून सुरू केलं तर दोन रिॲक्टिव्हनंतर ९,८०१:४ होतं, म्हणजे ९९.९६ टक्के. हजारी दोनपासून तीन चाचण्यांनी जिथे पोचलो, जवळजवळ त्याच ठिकाणी इथे दोन चाचण्यांत पोचलो. लक्षणांनीच पहिल्या चाचणीइतकं काम केलं. जागतिक आरोग्य संघटनाही पूर्वी तपासल्या जाणाऱ्यांत ५ टक्के किंवा अधिक प्रमाण असेल तिथे दोन आणि त्याखाली तीन चाचण्या सांगत असे. उपचार वाढले, बहुतेक रुग्णांचं निदान आधीच झालं आणि नव्याने तपासायला येणाऱ्यांतलं प्रमाण खाली आलं, म्हणून २०१९मध्ये तिने सगळीकडेच तीन चाचण्यांची शिफारस केली. किट पूर्वीचेच राहिले, तरी मूळ प्रमाण घटल्यामुळे चाचण्यांची पद्धत बदलावी लागली.

प्रशिक्षित माणसंही इथे चुकतात. जर्मनीत गेर्ड गिगरेन्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कोणतीही जोखीम नसलेला एक जण वीस केंद्रांत एचआयव्ही चाचणीसाठी गेला आणि पॉझिटिव्ह आल्यास संसर्गाची खात्री किती, असं त्याने समुपदेशकांना विचारलं. बहुतेकांनी पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण खात्री सांगितली. त्या गटात प्रमाण दहा हजारांत एक होतं. खोट्या पॉझिटिव्हचा दरही दहा हजारांत एक धरला होता. दोन्ही सारखे, म्हणून वरच्या आडाख्याने उत्तर निम्मं. समुपदेशकांना हाच हिशेब दहा हजार माणसांचा म्हणून मांडून दाखवायला शिकवलं की तो सुटतो, असं या संशोधकांचं म्हणणं आहे.

खोक्यावरच्या ‘१०० टक्के’चं काय?

काही किटच्या माहितीपत्रकात स्पेसिफिसिटी १०० टक्के लिहिलेली असते. तिथे किती नमुने तपासले ते आधी पाहा. तीनशे निगेटिव्ह नमुन्यांत एकही चूक झाली नाही, तरी खरा चुकीचा दर शून्य आहे असं सिद्ध होत नाही. अशा वेळी ३ला नमुन्यांच्या संख्येने भागायचं. ३ भागिले ३००, म्हणजे १ टक्का. खरा दर शून्यापासून एक टक्क्यापर्यंत कुठेही असू शकतो, असं साधारण ९५ टक्के भरवशाने म्हणता येतं. आणि तो एक टक्का असेल तर आपण पुन्हा सहात एकवर येतो. ०.२ टक्के प्रमाणाच्या आजारासाठी खोट्याचा दर ०.१ टक्क्याखाली आहे असं म्हणायचं, तर तीन हजार निगेटिव्ह नमुने एकाही चुकीशिवाय पार पडायला हवेत.

एकाच रिॲक्टिव्ह निकालावर पाऊल कधी उचलायचं

खोटे इशारे जास्त असतात म्हणून पहिला रिॲक्टिव्ह निकाल मनावर घ्यायचा नाही, असा अर्थ कुणी काढू नये. चाचणीआधी शक्यता हजारी दोन होती. ती आता हजारी १६६ झाली, ऐंशीपटींहून जास्त. आयसीटीसीत जायलाच हवं, तेही लगेच. दुसऱ्या बाजूला नॉन-रिॲक्टिव्ह निकाल किती भक्कम आहे तेही पाहा. लाखातल्या ९८,८०४ निगेटिव्ह निकालांमागे फक्त दोन चुकीचे. मात्र संसर्ग नुकताच झाला असेल तर सुरुवातीचे काही आठवडे प्रतिपिंडं सापडतच नाहीत. जोखमीचा प्रसंग ताजा असेल तर पुन्हा तपासावं लागतं.

रक्तपेढी एकाच रिॲक्टिव्हवर पिशवी बाद करते. सहातल्या पाच पिशव्या कदाचित निर्दोष असतील, तरी पाच पिशव्या वाया जाण्यापेक्षा एक दूषित पिशवी रुग्णाला चढणं फार महागात पडतं. पण त्याच निकालावर रक्तदात्याला ‘तुम्हाला एचआयव्ही आहे’ असं सांगता येत नाही. त्याला पक्क्या चाचणीसाठी आयसीटीसीत पाठवतात.

कधीही तपासणी न झालेली बाई थेट कळा सुरू झाल्यावर दवाखान्यात आली आणि पट्टी रिॲक्टिव्ह निघाली, तर तिथेही थांबत नाहीत. आईची औषधं लगेच सुरू करतात, बाळ जन्मल्यावर त्यालाही देतात आणि पक्कं निदान मागाहून करतात. सहातल्या पाच जणींना ती औषधं थोडे दिवस विनाकारण घ्यावी लागतील, पण सहाव्या बाळासाठी तेच तास मोलाचे असतात. त्या बाईला काय सांगायचं, हे त्या खोलीतल्या परिचारिकेने आधीच ठरवून ठेवलेलं असावं: ‘ताई, हा पहिला निकाल आहे, पक्का नाही. अशा सहा जणींतल्या पाचींना पुढच्या तपासणीत काही निघत नाही. पण बाळासाठी आपण औषध आत्ताच देतोय, आणि पुढची तपासणी बाळंतपणानंतर लगेच करू.’ सोबतचे ऐकत असताना हे बोलू नये. २०१७च्या एचआयव्ही आणि एड्स कायद्याने चाचणीआधी संमती आणि निकालाची गोपनीयता बंधनकारक केली आहे. घरी गेल्यावर तिला काही विचारायचं असेल तर नॅकोची १०९७ ही हेल्पलाइन मोफत आहे.